टायर मोठे टाकल्यावर काटा जीपीएसशी जुळला, पण किलोमीटर कमी पडतायत. असं कसं?

नागपूरचा_पांडू
मंडळी, गाडी जुनी डिझेल एसयूव्ही आहे. कंपनीचा टायर २१५/७५ आर १५ होता. चारही झिजले म्हणून बदलताना दुकानदाराने २३५/७५ आर १५ सुचवला, रिम तोच. गाडी दिसतेही भारी, म्हणून टाकले.

आधी काटा शंभरवर असला की मोबाईलचं जीपीएस ९६ दाखवायचं. आता दोन्ही एकदम बरोबर, शंभरला शंभर. मला वाटलं, चला, मीटर सुधारला. मग समृद्धीवर नागपूरहून निघालो तेव्हा बायकोला पाट्या बघायला बसवलं. एका किलोमीटर पाटीशी ट्रिप शून्य केली आणि पुढे बरोबर १०० किलोमीटरवरच्या पाटीशी पाहिली, तर ट्रिप ९६.४! येताना परत पाहिलं, तेच.

काटा खरा असेल तर किलोमीटर खोटे कसे? आणि हो, ॲव्हरेजही पडलंय. टाकी फुल ते फुल ५२० किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे १३. आधी साडेतेराच्या वर असायचं.

स्टिअरिंगवाले_काका
काटा आणि किलोमीटर दोन्ही एकाच सेन्सरवरून चालतात. काटा जीपीएसशी जुळतोय म्हणजे सेन्सर बरोबर आहे, आणि सेन्सर बरोबर म्हणजे किलोमीटरही बरोबर. पाट्यांवर जास्त विश्वास ठेवू नका. रस्त्याची आखणी बदलली की पाट्या तशाच राहतात, जुन्या हायवेवर तर बायपास झाल्यावर काही ठिकाणी किलोमीटरच गायब आहेत.

नागपूरचा_पांडू
काका, जुन्या हायवेचं पटलं. पण समृद्धी तर नवीनच बांधलाय, बायपास कुठून येणार?

प्राची_सातारा
काकांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं नाही. चाक फिरतं तसे सेन्सरकडून विजेचे ठोके, म्हणजे पल्स, येतात. त्या दोघांना एकच येतात, पण त्या पल्सचं दोघे वेगवेगळं करतात.

काटा कंपनी मुद्दाम पुढे ठेवते. युरोपातला यूएन आर ३९ नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच नसावा, आणि जास्त असला तर खऱ्याच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकाच. म्हणजे खरे शंभर असताना काटा १०० पासून ११४ पर्यंत कुठेही चालतो, ९९ चालत नाही. टायर नवा असो, झिजलेला असो, हवा कमी-जास्त असो, काटा खाली जाता कामा नये, म्हणून कंपन्या आधीच काही टक्के चढवून ठेवतात. आपल्याकडच्या गाड्यांतही हेच दिसतं, पांडूंच्या गाडीत शंभरला ९६ होतं ते यामुळेच.

किलोमीटर मोजणाऱ्या भागाला अशी चढवाचढवी नसते. तिथे नुसतं मोजणं असतं: इतक्या पल्स झाल्या की एक किलोमीटर. जुन्या टायरवर काटा चार टक्के पुढे होता आणि किलोमीटर जवळजवळ खरे होते. आता टायर मोठा झाला, एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, तेवढ्याच अंतराला फेरे कमी, पल्स कमी. दोघेही सारख्याच टक्क्यांनी खाली आले. काटा चार टक्के वर होता तो खाली येऊन खऱ्यावर बसला. किलोमीटर खऱ्यावर होते ते खाली गेले.

म्हणजे तुमचा मीटर सुधारलेला नाही. दोन चुका एकमेकींना कापतायत, आणि तेही फक्त काट्यापुरत्या.

स्टिअरिंगवाले_काका
मग ॲव्हरेज का पडलं? रुंद टायर डिझेल खाणारच.

प्राची_सातारा
खाईल, पण इथे बहुतेक घट कागदावरची आहे. ५२० हे मीटरचे किलोमीटर आहेत. मीटर १०० ला ९६.४ दाखवतो, म्हणून ५२० ला ९६.४ ने भागून १०० ने गुणा. खरे साधारण ५३९ किलोमीटर होतात. त्यांना ४० लिटरने भागलं की साडेतेराच्या आसपास येतं. पांडूंचं जुनं ॲव्हरेज तेवढंच होतं ना? उरलेला थोडा फरक टायरच्या वजनाचा की उन्हाळ्यातल्या एसीचा, ते एका टाकीवरून कुणीच सांगू शकत नाही.

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेजही त्याच पल्सवर काढलेलं असतं, तेव्हा ते खरं मानू नका. डिझेल बरोबर मोजतो, अंतर कमी.

बुलेटराजे
माझंही असंच काहीतरी. मागे मोठा टायर टाकला, दीड वर्ष झालं. किलोमीटर किती चुकले असतील? रिसेलला सांगावं लागेल का?

जुना_फिटर
राजे, तुमच्या गाडीत मीटरची केबल कुठून निघते ते बघा आधी. पुढच्या चाकाच्या हबमधून निघत असेल तर मागे ट्रॅक्टरचा टायर लावलात तरी मीटरला कळणार नाही. पुढचा टायर बदललाय का?

बुलेटराजे
हो, पुढेही बदललाय. ९०/९० चा १००/९० टाकला, दोन्ही १९ इंची.

जुना_फिटर
मग तिथे फरक पडला. साधारण पावणेतीन टक्के मोठा झाला टायर. मीटरवर शंभर फिरले की खरे १०२ ते १०३. मागचा विसरा.

आणि जाता जाता सगळ्यांसाठी, कारण हा घोळ गॅरेजात रोज होतो. केबलवाल्या मीटरात काटा आणि आकडे यांचा संबंध फक्त केबलपर्यंतच. केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती ओढली जाते आणि स्प्रिंग तिला मागे धरते. काटा त्या वाटीवर बसलेला. आकडे मात्र बारीक गिअरने थेट फिरतात. त्यामुळे चुंबक कमजोर झाला, स्प्रिंग सैल पडली, कुणी काटा काढून एक घर चुकवून बसवला, तर वेग चुकतो पण किलोमीटर बरोबरच राहतात. उलट नायलॉनच्या गिअरचा दात तुटला तर काटा एकदम झकास आणि किलोमीटर जागेवर थांबलेले. काटा चुकतोय म्हणून किलोमीटर चुकतात असं नाही, आणि उलटंही नाही. दोन्ही एकाच टक्क्याने हलले तरच टायरवर किंवा खालच्या गिअरवर शंका घ्यायची.

अंधेरी_लोकल
धागा माझ्या मनातला! आमच्याकडे एक रिक्षावाला आहे, त्याचा मीटर घोड्यासारखा पळतो. स्टेशन ते घर दुसऱ्या रिक्षेपेक्षा वीस टक्के जास्त होतात. हा टायरचाच प्रकार ना? छोटा टायर लावला असणार.

जुना_फिटर
दादा, इथे गाडीच्या किलोमीटरचं चाललंय, भाड्याच्या मीटरचं नाही. पण तत्त्व तेच आहे म्हणून सांगतो. रिक्षेचा भाडेमीटरही चाकाच्या फेऱ्यांवरच मोजतो. टायर गुळगुळीत झाला तर फेरे वाढतात, भाडं थोडं चढतं, पण ते एक-दोन टक्के. वीस टक्के टायरने होत नाहीत. त्या मीटरला वैधमापनाचं सील असतं, ते शाबूत आहे का बघा आणि नंबर टिपून तक्रार करा. टायर मोजत बसू नका.

नागपूरचा_पांडू
प्राचीताई, समजलं. आता एक शंका. नेटवर टायर कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही साइझ टाकले तर फरक ४.२६ टक्के सांगतोय. मला रस्त्यावर ३.७ मिळाला. कुणाचं खरं?

प्राची_सातारा
कॅल्क्युलेटर टायरवर लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिलिमीटर, ही बाजूची भिंत. ती दुप्पट करून १५ इंचाचे ३८१ मिळवा, ७०३.५ व्यास आला. तसंच २३५ चं ७३३.५ येतं. भागाकार १.०४२६. हिशेब बरोबर आहे, पण तो छापील टायरचा आहे, तुमच्या टायरचा नाही. एकाच साइझचे दोन ब्रँड शेजारी उभे करा, व्यासात फरक डोळ्यांनी दिसतो. शिवाय भारामुळे टायर खाली दबतो, तेव्हा एका फेऱ्यातलं अंतर व्यास गुणिले ३.१४ पेक्षा थोडं कमी असतं. रेडियलसाठी टायरवाले ३.०५ च्या आसपास धरतात. दोन्ही टायर रेडियल असतील तर हा गुणक भागाकारात निघून जातो, म्हणून त्याची चिंता नको. ब्रँडचा फरक मात्र निघत नाही.

तुमच्याकडे जुनी स्टेपनी आहे का? वापरलेली नसेल तर सोनं आहे.

नागपूरचा_पांडू
आहे! कंपनीचीच, एकदाही लागली नाही. तिचं काय करू?

प्राची_सातारा
तिच्यात आणि नव्या टायरांत सारखी हवा भरा. नव्यापैकी एक चाक खोलून दोन्ही शेजारी ठेवा. सुताराची पट्टी किंवा न ताणणारी दोरी घ्या, टायरच्या नक्षीच्या मधोमध पूर्ण वेढा घाला आणि घेर मोजा. कडेला घेऊ नका, तिथे टायर गोलाईत उतरतो. स्टेपनीचा घेर आणि नव्याचा घेर यांचा भागाकार म्हणजे तुमच्या गाडीचा खरा फरक. जुने टायर झिजलेले होते म्हणून त्यांच्याशी तुलना केली असतीत तर उत्तर फुगलं असतं. मीटर बनवणाऱ्याने नवा टायर धरून आकडे लावलेले असतात, आणि तुमची स्टेपनी नवीच आहे.

स्टिअरिंगवाले_काका
एवढं करण्यापेक्षा गुगल मॅपवर नागपूर-मुंबई अंतर बघा आणि मीटरशी ताडून घ्या. दोन मिनिटांचं काम.

प्राची_सातारा
काका, मॅपचं अंतर मॅपने सुचवलेल्या वाटेचं. तुम्ही मध्ये चहाला उतरलात, चुकून एक एक्झिट पुढे गेलात, पार्किंगमध्ये घिरट्या घातल्यात, ते सगळं मीटरमध्ये येतं, मॅपमध्ये नाही.

आणि जीपीएसने स्वतः नोंदवलेला मार्ग वापरायचा असेल तरी जागा निवडा. सरळ रस्त्यावर सलग वेगात जीपीएस वेग उत्तम सांगतं, पण अंतर ते बिंदू जोडून काढतं. घाटात दोन बिंदूंमधलं वळण सरळ रेषेने कापलं जातं, अंतर कमी येतं. बोगद्यात सिग्नल जातो. सिग्नलवर गाडी उभी असताना बिंदू इकडे-तिकडे नाचतो आणि काही अॅप तेही मोजतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा घाट आणि बोगदे या कामासाठी अगदी वाईट. पांडूंनी नेमका लांब आणि मोकळा रस्ता निवडला, तोही दोन्ही दिशांनी.

नागपूरचा_पांडू
मोजलं. भाच्याला दोरी धरायला लावली.
स्टेपनीचा घेर २२०५ मिलिमीटर, नव्याचा २२८८.

प्राची_सातारा
२२८८ भागिले २२०५ म्हणजे १.०३७६. तुमचे १०० भागिले ९६.४ म्हणजे १.०३७३. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर. छापील हिशेबाने नव्या टायरचा घेर २३०४ यायला हवा होता, तो सोळा मिलिमीटर कमी आहे. म्हणजे टायर लिहिलंय त्यापेक्षा जरा लहान, आणि मूळ मीटरचे किलोमीटर कंपनीच्या कोऱ्या टायरवर बऱ्यापैकी खरे होते. तुमचा गुणक १.०३७.

नागपूरचा_पांडू
वा! आता दुरुस्त कसं करू? माझ्या भागातला एक इलेक्ट्रिशियन म्हणतो लॅपटॉप लावून आकडाच वाढवून देतो.

जुना_फिटर
नाही म्हणा. आकड्याला हात लावायचा नाही, ना वर ना खाली. मागचे किलोमीटर ज्या टायरवर झाले ते झाले. उद्या गाडी विकताना मीटर छेडलाय हे कळलं की तुमचं कारण कुणी ऐकून घेत नाही. टायर बदलला त्या दिवशीची बिलावरची तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, तेवढं पुरे. दुरुस्ती करायची ती पुढच्या पल्सची.

तुमच्या गिअरबॉक्सला मागच्या बाजूला काय आहे, केबल की वायरवाला सेन्सर?

नागपूरचा_पांडू
खाली वाकून पाहिलं. छोटा सेन्सर आहे, तीन वायरी. केबल नाही.

जुना_फिटर
मग दोन रस्ते. केबल असती तर गिअरबॉक्सच्या टोकाचा छोटा नायलॉनचा गिअर बदलला असता. टायर मोठा म्हणजे केबल हळू फिरते, तिला जोरात फिरवायला कमी दातांचा गिअर लागतो. २४ दात काढून २३ टाकले की सव्वाचार टक्क्यांच्या वर वाढतात. एक दात म्हणजे तेवढा, मध्ये काही नाही. तुम्हाला ३.७ हवेत, थोडं जास्त झालं असतं. शिवाय गाडीगणिक दात वेगळे.

तुमच्या सेन्सरला पल्स दुरुस्त करणारी छोटी डबी मिळते. सेन्सरची सिग्नलची वायर कापून मधे बसते आणि आत आलेल्या पल्स ठरवलेल्या टक्क्यांनी वाढवून बाहेर देते. तिच्यात ३.७ भरायचे. आधी मल्टिमीटरने तपासा कुठली वायर बारा किंवा पाच व्होल्टची, कुठली अर्थिंगची आणि कुठली सिग्नलची. चाक हळू फिरवलं की सिग्नलची वायर शून्य आणि वर असं उडत राहते. सिग्नल पुढे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरलाही जातो का ते बघा. जात असेल तर फाट्याच्या आधी डबी लावा, म्हणजे दोघांना एकच वेग मिळेल. फाट्यानंतर फक्त मीटरच्या वायरवर लावलीत तर ईसीयूला एक आणि मीटरला दुसरा, आणि काही गाड्यांत त्यावरून दिवा लागतो.

नव्या गाडीत मात्र वेग एबीएस ब्रेकच्या सेन्सरांकडून कॅन नावाच्या गाडीतल्या डेटा नेटवर्कवर येतो. तिथे वायर कापून जमत नाही. काही गाड्यांत स्कॅनरने टायरचा घेर बदलता येतो, काहींत कंपनीने तो पर्यायच दिलेला नसतो.

नागपूरचा_पांडू
डबी लावतो मग. काटाही बरोबर राहील ना?

प्राची_सातारा
नाही राहणार. काटा आणि किलोमीटर एकाच पल्सवर चालतात, हे काकांचं पहिल्या दिवसाचं वाक्य आता कामाला आलं. पल्स ३.७ टक्क्यांनी वाढवल्या की किलोमीटर खरे होतील आणि काटा परत चार टक्के पुढे जाईल. खरे १०० असताना तो १०४ दाखवेल. कंपनीने गाडी दिली तेव्हा होता तसाच.

तो तसाच असलेला बरा. आता तो खऱ्यावर आहे, म्हणजे चुकायला जागा उरलेली नाही. उद्या टायर अजून मोठा टाकलात तर काटा खाली जाईल, तुम्हाला ११८ दिसेल आणि कॅमेऱ्याला १२० च्या वर दिसेल. दंडाची पावती आल्यावर काट्याचा फोटो दाखवून काही होत नाही.

स्टिअरिंगवाले_काका
मला अजूनही वाटतं, ज्याचा काटा खरा त्याने मीटरला हात लावू नये. किलोमीटर दोन-चार टक्के कमी दिसले तर विकताना फायदाच. डबी, वायर, कापाकापी कशाला?

जुना_फिटर
काका, फायदा नाही हो, घेणाऱ्याचं नुकसान. पण कापाकापीचं म्हणाल तर मलाही पटतं. सर्व्हिसला दहा हजारांमागे पावणेचारशे किलोमीटर उशीर होतो, त्याने ऑइल काही जळत नाही. भाड्याने गाडी लावत असाल, किलोमीटरवर पैसे घेत असाल, तर डबी लावा, कारण तिथे दर शंभराला पावणेचार किलोमीटर फुकट चाललेत. घरची गाडी असेल तर डिझेलच्या वहीत गुणक लिहून ठेवला तरी काम होतं.

नागपूरचा_पांडू
गाडी लग्नसराईत भाड्याने जाते, तेव्हा डबी लावणार. एक शेवटचं: टायर झिजले की हा १.०३७ बदलेल ना?

प्राची_सातारा
बदलेल. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर नक्षी असते आणि कायद्याने १.६ वर टायर संपला. म्हणजे त्रिज्या सहा-साडेसहा मिलिमीटर कमी, व्यास जवळजवळ तेरा. तुमच्या साडेसातशेच्या आतल्या व्यासाला हे पावणेदोन टक्के होतात. आज ३.७ ची गरज आहे, टायर संपताना ती दोन टक्क्यांच्या आसपास असेल.

जुना_फिटर
ताई, कागदावर एवढं, पण रस्त्यावर मला तेवढं दिसलेलं नाही. रेडियलच्या आत पोलादी पट्टा असतो, चाक त्या पट्ट्याच्या लांबीवर चालतं, वरचं रबर फक्त त्याच्याबरोबर दबतं. हवा कमी-जास्त केल्याने फेऱ्याचं अंतर फारसं हलत नाही त्याचंही कारण हेच. झिजेचा परिणाम असतो, पण पावणेदोन पूर्ण नाही.

प्राची_सातारा
पट्ट्याचं हवेबाबत पटतं, झिजेबाबत अजून नाही. रबर पट्ट्याच्या बाहेर आहे, ते गेलं की जमिनीला टेकणारा घेर कमी होणारच. पांडू, नव्या टायरवर त्याच दोन पाट्यांमध्ये ९६.४ होतं, ते लिहून ठेवा. टायर निम्मे झिजले की डबी बंद करून तीच वाट परत मोजा आणि इथे टाका. डबी चालू ठेवून मोजलीत तर ९६.४ शी थेट ताडता येणार नाही.

बुलेटराजे
आणि मला मध्येच कुणीतरी सांगा, पुढचा १००/९० काढून परत ९०/९० टाकला तर आधीचे कमी पडलेले किलोमीटर कसे लिहायचे?

जुना_फिटर
दोन्ही बदलांच्या वेळचं रीडिंग हवं. पहिलं आहे का तुमच्याकडे?